पोटावरून की आतून? पहिल्यांदा पेल्विक सोनोग्राफीला जाताना

सोनोग्राफी सेंटरच्या बाकड्यावर हातात पाण्याची बाटली घेऊन बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. त्यातलीच ही एक, नाशिकची, वय 34. गेले काही महिने पाळी आठ-नऊ दिवस चालते, गाठी पडतात, हिमोग्लोबिन 9 वर आलंय. गायनॅक मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलंय, यूएसजी पेल्विस, म्हणजे ओटीपोटाची सोनोग्राफी, आणि त्याच्या खाली, गरज पडल्यास टीव्हीएस. टीव्हीएस म्हणजे काय हे तिने आदल्या रात्री मोबाईलवर शोधलं आणि मग झोपच लागली नाही.

टीव्हीएस म्हणजे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी. आपल्याकडे बायका सरळ म्हणतात "आतून केली" किंवा "खालून केली". आणि नेहमीची ती "पोटावरून". दोन्हीकडे मशीन तेच असतं, बदलतो तो प्रोब, म्हणजे डॉक्टरांच्या हातातलं ते यंत्र. एक्स-रेसारखं रेडिएशन दोन्हीत नाही, फक्त आवाजाच्या लहरी, आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या, शरीरात जातात, आपटून परत येतात आणि त्यातून चित्र बनतं.

आता पाणी का प्यायला लावतात ते बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. गर्भाशय ओटीपोटात खोल असतं, त्याच्या पुढे मूत्राशय आणि वर आतड्यांची वेटोळी. आतड्यात गॅस असतो आणि गॅसमधून या लहरी पुढे जातच नाहीत, पडद्यावर नुसतं पांढुरकं धुकं दिसतं. मूत्राशय भरलं की ते आतड्यांना वर सरकवतं आणि लघवीतून लहरी आरामात आरपार जातात, म्हणजे भरलेलं मूत्राशय ही डॉक्टरांची आत बघायची खिडकी. म्हणून पोटावरूनच्या तपासणीआधी साधारण तासभर चार-पाच ग्लास साधं पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं नाही. चहा, सोडा, कोल्ड्रिंक नको, गॅस वाढतो. किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल, पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, मनाने लिटरभर पिऊ नका. आणि चिठ्ठीवर पूर्ण पोटाची सोनोग्राफी असेल तर पित्ताशय नीट दिसावं म्हणून साधारण सहा तास उपाशी यायला सांगतात, पाणी चालतं. नुसतं पेल्विस असेल तर उपाशी राहायची गरज नसते. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर फोन करून विचारूनच घ्या.

जास्त भरलं तरी घोळ होतो बरं का. आपली ही ताई घाबरून दोन बाटल्या प्यायली, नंबर यायला उशीर झाला, आणि आत जाईपर्यंत तिला सरळ उभं राहता येईना. एवढं ताणलेलं मूत्राशय गर्भाशयाला अजून मागे ढकलतं, चित्र उलट बिघडतं. अशा वेळी बिनधास्त काउंटरवर सांगायचं, मला सहन होत नाहीये. तिथल्या मावशी सांगतात, जा, थोडी करून या. अर्धी लघवी करून थांबणं जमतं, अवघड असतं पण जमतं, आणि नाहीच जमलं तर परत दोन ग्लास पाणी, थोडा वेळ थांबायचं, बस.

आत गेल्यावर काय. खोलीत अंधार असतो, तो पडदा नीट दिसावा म्हणून. सलवार किंवा साडी ओटीपोटाच्या खाली सरकवायची, पोटावर गार जेल लावतात, आणि प्रोब दाबून फिरवतात. भरलेल्या मूत्राशयावर दाब येतो तेवढाच काय तो त्रास. शेवटची पाळी कधी आली हे हमखास विचारतात, पहिल्या दिवसाची तारीख लक्षात ठेवून जा, पुढे तिचं काम कळेल. भिंतीवर गर्भलिंग निदान केले जात नाही असा बोर्ड असतो, तो 1994 च्या कायद्यामुळे प्रत्येक सेंटरला लावावाच लागतो, तुमच्या तपासणीशी त्याचा काही संबंध नाही.

मग डॉक्टर बाजूच्या टायपिस्टला भराभर इंग्रजीत आकडे सांगायला लागतात आणि इथे बहुतेकींच्या पोटात गोळा येतो. एवढी मापं घेतायत म्हणजे काहीतरी सापडलंय असं वाटतं. तसं नसतं. सगळं नॉर्मल असलं तरी गर्भाशयाची लांबी-रुंदी-जाडी, आतल्या अस्तराची जाडी, दोन्ही ओव्हरींची मापं, हे सगळं लिहावंच लागतं.

या ताईच्या बाबतीत झालं असं की तिचं गर्भाशय मागे झुकलेलं निघालं. हा आजार नाही, अनेक बायकांचं असतं. पण पोटावरून बघताना गर्भाशयाचा वरचा भाग प्रोबपासून लांब जातो आणि नीट दिसत नाही. शिवाय पाळी सुरू झाल्यापासूनचा तो 22 वा दिवस होता. अस्तर 15 मिलिमीटर, थोडं ओबडधोबड. आता 22 व्या दिवशी अस्तर एवढं जाड असणं नॉर्मलही असू शकतं, कारण पाळी येण्याआधी ते जाड होतंच, आणि त्या जाडीत छोटीशी गाठ असली तर लपून जाते. म्हणून रिपोर्टमध्ये आलं की पाळी संपल्यावर टीव्हीएस करून घ्या. ती ओळ वाचून तिला वाटलं कॅन्सरचाच संशय आहे. त्या ओळीचा अर्थ एवढाच होता की पोटावरून जेवढं दिसायचं तेवढं दिसलं, पुढचं जवळून आणि योग्य दिवशी बघायला हवं.

जवळून म्हणजे किती जवळून, तर पोटावरून चरबी, स्नायू, मूत्राशय सगळं ओलांडून जावं लागतं आणि आतून गर्भाशय काही सेंटिमीटरवर असतं. अंतर कमी म्हणून जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी वापरता येतात, त्या लांब जात नाहीत पण बारीक तपशील दाखवतात. उलटं पण आहे, फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ, मोठी होऊन नाभीपर्यंत आली असेल तर आतून तिचं वरचं टोक सापडतच नाही, तिथे पोटावरूनचीच लागते. म्हणून कितीतरी वेळा दोन्ही करतात, एक चुकली म्हणून दुसरी असं नसतं.

पाळी संपल्यावर ताई परत आली, यावेळीही पाणी पिऊनच. आणि सोनोग्राफीच्या मॅडम पहिल्यांदा काय म्हणाल्या, "ताई, लघवीला जाऊन या, पूर्ण रिकामं करून या." आतून करताना मूत्राशय रिकामं लागतं, भरलेलं असलं तर गर्भाशय प्रोबपासून दूर जातं आणि तुम्हालाही अवघडतं.

कमरेखालचे कपडे काढायचे, वर चादर असते, ती मागून घ्या, कुणी आपणहून नाही दिली तरी. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, कधी कमरेखाली उशी देतात. प्रोब लांबट असतो, साधारण दोन बोटांएवढा जाड, त्याच्यावर नवीन कंडोम चढवतात तुमच्यासमोर, आतून-बाहेरून जेल लावतात. रबराच्या हातमोज्यांची, फुग्यांची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. पूर्ण प्रोब आत जात नाही, पुढचे काही सेंटिमीटरच, आणि गर्भाशयाच्या आत तर तो जातच नाही, तोंडाजवळ थांबतो. आत जाताना हळूच श्वास सोडायचा, त्या वेळी खालचे स्नायू आपोआप सैल पडतात. स्वतःच्या हाताने आत घ्यायचा असेल तर तसं विचारता येतं, बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात. मग प्रोब डावीकडे, उजवीकडे वळवतात, ओव्हरी बघायला, तेव्हा दाब जाणवतो. साधारण 10-15 मिनिटं लागतात.

दाब जाणवणं वेगळं आणि दुखणं वेगळं. एका ठिकाणी कळ आली तर दात दाबून सहन करू नका, "इथे दुखतंय" असं सांगा, ती माहिती डॉक्टरांना हवीच असते, एंडोमेट्रिओसिस, म्हणजे अस्तरासारखा भाग गर्भाशयाबाहेर वाढणं, किंवा इन्फेक्शनमध्ये नेमकी जागा दुखते. आणि "थांबा" म्हटलं की थांबलंच पाहिजे, ही तपासणी तुमच्या संमतीनेच होते. डॉक्टर पुरुष असतील तर सिस्टर किंवा मावशी खोलीत हव्यात, नसतील तर बोलवायला सांगा, यात लाजायचं काहीच नाही. पाळी चालू असली तरी तपासणी होते, टॅम्पॉन किंवा कप मात्र आधी काढायचा.

आता एक गोष्ट मला मनापासून बोलायचीय. सेंटरवर विचारतात, "लग्न झालंय का?" त्यांना खरं तर विचारायचं असतं की शरीरसंबंध आलेत का, कारण आले नसतील तर आपल्याकडे आतून तपासणी सहसा करत नाहीत, पोटावरून करतात, आणि फारच गरज असेल तर एमआरआय वगैरे दुसरे मार्ग असतात. पण हा प्रश्न आईसमोर, भरलेल्या वेटिंगमध्ये विचारला जातो आणि मुलगी "नाही" एवढंच म्हणते, मग कधी कधी गरज असलेली तपासणी राहून जाते. हे मला अजिबात पटत नाही. तुम्ही 22-23 च्या असाल आणि खरं उत्तर वेगळं असेल तर "मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय" एवढं म्हणा. आणि संबंध आलेले नसतील तर तेही स्पष्ट सांगा, लग्न झालेलं असलं तरी.

ताईची तपासणी पुढे सरकली. यावेळी अस्तर पातळ, 5 मिलिमीटर, आणि त्यात एक ठळक गोलसर भाग उठून दिसत होता, 11 मिलिमीटरचा. मॅडमनी रक्तप्रवाह दाखवणारा रंगीत डॉपलर लावला तर त्याच्यात एकच रक्तवाहिनी जाताना दिसली. अस्तरातल्या पॉलिपची, म्हणजे अस्तरातून वाढलेल्या मऊ कोंबाची, ही ओळखीची खूण. 15 दिवसांपूर्वी तो तिथेच होता, पण जाड अस्तरात मिसळून गेलेला.

पॉलिप बहुतेक वेळा साधेच असतात, पण खात्री सोनोग्राफीने होत नाही, काढून लॅबमध्ये पाठवल्यावरच होते. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी करतात त्या पापस्मिअरचं कामही ही तपासणी करत नाही. नॉर्मल ट्यूब सहसा दिसत नाहीत, आणि एंडोमेट्रिओसिसचे बारीक डाग निसटू शकतात, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला आणि दुखणं तसंच राहिलं तर डॉक्टरांकडे परत जा.

रिपोर्टमध्ये काही शब्द उगाच घाबरवतात. नाबोथियन सिस्ट म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी ग्रंथीत साचलेला द्राव, निरुपद्रवी. ओव्हरीत 2 सेंटिमीटरची साधी पाण्याची पिशवी ही पाळी येणाऱ्या वयात बहुतेकदा त्या महिन्याचं फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं ती पिशवी, असते.

तपासणीनंतर जेल थोडं गळतं, पॅड लावून घ्या. एखादा डाग दिसू शकतो. ताप आला, खूप रक्त गेलं किंवा पोटात वाढत जाणारी कळ आली तर मात्र वाट बघू नका, फोन करा.

ताई दोन्ही रिपोर्ट घेऊन गायनॅक मॅडमकडे गेली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर त्यांना पाळीचा दिवस आणि अस्तरातला फरक लगेच दिसला, म्हणून जुना रिपोर्ट कधी घरी ठेवून जाऊ नका. तिला हिस्टरोस्कोपी सांगितलीय, म्हणजे दुर्बिणीने आत बघून पॉलिप काढायचा, आणि तोपर्यंत लोहाच्या गोळ्या सुरू. तारीख पुढच्या पाळीनंतरची, कारण तेव्हा अस्तर परत पातळ असेल.