करार संपवण्याचं पत्र: विषय, संदर्भ आणि पोच

मंडळी, सोसायटीच्या कपाटातलं एकच पत्र आज हातात घेऊ. लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा करार संपवायचा आहे. करार 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 असा आहे, आणि त्यात अट आहे की मुदतीच्या 30 दिवस आधी लेखी नोटीस मिळाली नाही, तर तो आपोआप पुढच्या वर्षासाठी चालू राहील.

बहुतेक सेक्रेटरी विषय काय लिहितात? ‘लिफ्टबाबत.’ फार तर ‘लिफ्टचा करार रद्द करणेबाबत विनंती.’ कंपनीच्या टपालावर बसलेला माणूस पूर्ण पत्र वाचत नाही, तो विषय वाचून कागद पुढे टाकतो. ‘लिफ्टबाबत’ असलेला कागद तक्रारीच्या गठ्ठ्यात जातो आणि दोन दिवसांनी मेकॅनिक तेलाचा डबा घेऊन दारात हजर! ‘विनंती’ लिहिलेला कागद विक्री विभागाकडे जातो. तिथून सवलतीचा फोन येतो, आणि तारीख मात्र निघून जाते. करारानं दिलेला हक्क वापरताना विनंती करायचीच नाही. विषय असा लिहा:

‘विषय: लिफ्ट देखभाल करार क्र. 2217, दि. 31 मार्च 2026 रोजी संपुष्टात आणण्याची नोटीस.’

कोणता करार, त्याचं काय आणि कधीपासून, हे एका ओळीत आलं. आपली नाराजी, बंद पडलेल्या लिफ्टचे किस्से यांना या ओळीत जागा नाही. खरं तर पत्रातही फारशी नाही. त्यासाठी वेगळं तक्रारपत्र लिहावं, नाहीतर कंपनी नोटीस बाजूला ठेवून तक्रारीलाच उत्तर देत बसते.

आता क्रमांक. डाव्या कोपऱ्यात आपला जावक क्रमांक: ‘जा.क्र. 118/2025-26’, उजवीकडे ‘दि. 16 फेब्रुवारी 2026’. सोसायटीचं हिशेबी वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून क्रमांकही तसाच चालवलेला सोयीचा. हा क्रमांक आधी जावक नोंदवहीत पडला पाहिजे आणि मग पत्रावर. पत्र पाठवून झाल्यावर रिकामी ओळ शोधून क्रमांक घालणारे मी पाहिले आहेत. एकाच क्रमांकाची दोन पत्रं निघतात ती तिथेच.

विषयाखाली ‘संदर्भ’. इथे दोनच गोष्टी पुरतात. पहिला, आपला करार क्र. 2217, त्याची तारीख आणि नोटिशीच्या कलमाचा क्रमांक. दुसरा, व्यवस्थापक समितीच्या 8 फेब्रुवारीच्या सभेतला ठराव क्र. 5. सेक्रेटरीनं एकट्यानंच ठरवलं का, असा प्रश्न उद्या निघाला तर उत्तर त्या ओळीत असतं. सोबत फक्त ठरावाचा उतारा जोडा. अख्खं इतिवृत्त जोडलंत तर कोणाची किती थकबाकी हेही कंपनीला कळेल.

तारखेचा हिशेब नीट करा. 31 मार्चच्या 30 दिवस आधी म्हणजे 1 मार्च, आणि 2026 साली त्या दिवशी रविवार आहे. अट नोटीस ‘मिळण्याची’ आहे, ‘पाठवण्याची’ नाही. त्यामुळे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कागद तिथे पोचलेला बरा.

शेवट साधा ठेवा. ‘कळावे, लोभ असावा’ इथे शोभत नाही. ‘आपला विश्वासू’, सही, त्याखाली पूर्ण नाव, ‘सचिव’ हे पद आणि सोसायटीचा शिक्का. नुसत्या सहीवरून दहा वर्षांनी कोण सचिव होतं ते कुणालाही सांगता येत नाही. मग ‘सोबत: ठरावाचा उतारा (1 पान)’. पानांची संख्या लिहिली की ‘सहपत्र मिळालंच नाही’ म्हणायची सोय राहत नाही. शेवटी ‘प्रत: लेखा विभाग’, कारण एप्रिलचं बिल तोच विभाग काढतो.

पत्राच्या दोन प्रती काढा आणि दुसरीवर पोच घ्या: कंपनीचा शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही आणि त्यांचा आवक क्रमांक. आवक क्रमांक मागायला लोक लाजतात. लाजू नका, तो आपल्या जावक वहीत 118 च्या शेजारी लिहून ठेवा. ईमेलही करा, पण जुन्या तक्रारीच्या ईमेलला उत्तर म्हणून नको. नवा ईमेल, तोच विषय आणि स्कॅन केलेल्या प्रतीला असं नाव:

`2026-02-16_JK118_LiftAMC2217_Notice.pdf`

एवढं करूनही एप्रिलमध्ये बिल येऊ शकतं. तेव्हा नवं भांडण मांडू नका. बिल परत पाठवा आणि वर चार शब्दांचा संदर्भ द्या: आमचे जा.क्र. 118, आपला आवक क्रमांक अमुक. त्या पत्रालाही नवा जावक क्रमांक द्या आणि त्याची प्रत करार 2217 च्याच फाइलला लावा.