फोटोतली लिपी कोणाची?

श्रोतेहो, नमस्कार.

मी कन्नड आणि तेलगू कागदांचं मराठी करून देते. सोलापुरात या कामाला तोटा नाही. अक्कलकोट रोडला एका घरात कन्नड बोलतात, पूर्व भागात गल्लीच्या गल्ली तेलगू बोलते, आणि बाजारात दोघंही मराठीत भाव करतात. घरात जुनी पेटी उघडली की कागद निघतात, नातवाला वाचता येत नाहीत, मग तो मोबाईलवर फोटो काढून पाठवतो. सोबत एकच ओळ असते: "ताई, एवढं मराठीत करून द्या."

मी लगेच कामाला लागत नाही. आधी विचारते, कोणत्या भाषेतून?

या प्रश्नाचा पुष्कळांना राग येतो. भाषा तुम्हीच ओळखायची, असं त्यांना वाटतं. पण कन्नड आणि तेलगू या लिपी सख्ख्या बहिणी आहेत. साधारण 13व्या ते 15व्या शतकांदरम्यान त्या हळूहळू वेगळ्या झाल्या, आणि पुढे छापखाने आल्यावर त्यांची वळणं पक्की ठरली. सिद्धरामेश्वरांनी 12व्या शतकात कन्नड वचनं रचली, त्या काळी दोन्ही भाषा जवळजवळ एकाच लिपीत लिहिल्या जात. त्या काळातल्या शिलालेखाचा फोटो कोणी पाठवला, तर तो कन्नड की तेलगू हे अक्षराच्या वळणावरून ठरत नाही. शब्द वाचूनच ठरवावं लागतं.

आजच्या लिपीत मात्र खुणा आहेत. कागद समोर असेल तर माझ्याबरोबर बघा.

पहिली खूण अक्षराच्या डोक्यावर असते. तेलगू अक्षरावर गुरुजी वहीत 'बरोबर'ची खूण करतात तशी छोटी तिरकी खूण असते. कन्नड अक्षरावर त्याच जागी आडवी रेघ पडते, उजव्या टोकाला जरा वळलेली. हे बघताना मात्रा नसलेलं अक्षर शोधा, कारण वेलांटी किंवा मात्रा आली की डोक्यावरची ही खूण बदलते. दुसरी खूण दीर्घ स्वरांची आहे. कन्नडमध्ये दीर्घ ई, ए आणि ओ लिहिताना अक्षराच्या उजव्या अंगाला एक वळणदार खूण सुटी काढतात. तेलगूत तशी सुटी खूण नाही, तिथे दीर्घपणा अक्षराच्या माथ्यावरच दाखवतात. अशी सुटी खूण पानात दोन-तीनदा दिसली की मी कन्नड लिपी धरून चालते.

अडचण कुठे येते सांगते. ज, ल, ब ही अक्षरं दोन्ही लिपींत डोक्यावरच्या खुणेशिवायच येतात आणि दिसतातही जवळजवळ सारखी. अनुस्वारही दोन्हींत अक्षरापुढे गोल काढतात. आता कोणी फक्त 'जलज' एवढाच शब्द कापून पाठवला, तर तो कन्नड की तेलगू हे मी सांगू शकत नाही, आणि दुसरं कोणी छातीठोक सांगत असेल तर तोही अंदाजच. म्हणून मी पूर्ण पान मागते, चारही कडा दिसतील असं. नुसता एक शब्द मोठा करून पाठवू नका.

आणखी एक गोष्ट. गोल वळणाची अक्षरं ज्याला वाचता येत नाहीत, त्याला फोटो उलटा आहे हे कळतच नाही. मला असे उलटे फोटो कितीदा आले आहेत. डोक्यावरच्या खुणा सगळ्या ओळींखाली दिसायला लागल्या की मी मोबाईल फिरवते.

आता एक प्रसंग सांगते. पूर्व भागातल्या एका तरुणाने एका पत्राचा फोटो पाठवला. आजोबा मागावर काम करायचे, त्यांच्या लोखंडी पेटीत ते पत्र मिळालं होतं. आत्याला वाचून दाखवायचं होतं. मी विचारलं, "कोणत्या भाषेतून?" तो म्हणाला, "तेलगू. आमच्या घरात सगळे तेलगूच बोलतात."

मी तेलगू समजून वाचायला बसले. पहिल्याच ओळीत अडखळले. हात घाईचा होता, डोक्यावरच्या खुणा कुठे तिरक्या तर कुठे आडव्या, त्यांच्यावर भरवसा ठेवता येईना. मग मी दीर्घाची खूण शोधली. ती होती, चौथ्या ओळीत दोनदा आणि खाली आणखी, अक्षरापासून सुटी आणि स्वच्छ. म्हणजे लिपी कन्नड.

मग कन्नड म्हणून वाचलं. अक्षरं लागली, पण अर्थ लागेना. कन्नडमध्ये अनेकवचनाला 'गळु' येतं, पानभर मजकुरात ते एकदा तरी भेटायला हवं. नव्हतं. तेलगूचं 'लु'ही नव्हतं. आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी तीच दोन अक्षरं येत होती, आ आणि हे. मी ते मोठ्याने म्हटलं. "आहे." मग मागची ओळ म्हटली: "सूत पोचले आहे." ते पत्र मराठीत होतं, लिपी तेवढी कन्नड.

मी त्या तरुणाला फोन केला आणि या वेळी भाषा विचारलीच नाही. विचारलं, आजोबा सूत कोणाकडून घ्यायचे? आत्याला आठवत होतं. विजापूरकडचे एक व्यापारी होते, आजोबांच्या ओळखीचे, दिवाळीला घरी यायचे. त्यांची शाळा कन्नडची, आजोबांची तेलगूची. दोघांना एकमेकांची लिपी येत नव्हती, पण बोलायला दोघांकडे मराठी होती. व्यापाऱ्याने आपल्या अक्षरात मराठी लिहिलं, आणि इकडे शेजारच्या एका कन्नड मास्तरांनी ते आजोबांना वाचून दाखवलं. मास्तरांचं नाव आत्याला अजून आठवतं.

तेव्हापासून मी एका प्रश्नाचे दोन प्रश्न केले आहेत. अक्षर कोणतं हे मी बघते, ते तुम्हाला ठाऊक असायलाच हवं असं नाही. पण कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, लिहिणाऱ्याची शाळा कोणती, हे तुम्हीच सांगू शकता. "कन्नड की तेलगू?" असं विचारलं की माणूस आपल्या घरात बोलतात तीच भाषा सांगतो. "हे कोणाकडून आलं?" असं विचारलं की तो आठवायला लागतो.

उर्दू कागदांचंही असंच होतं. आदिलशाहीतला कागद उर्दू म्हणून पाठवतात आणि तो फारसी निघतो. उर्दूतल्या ट आणि ड या अक्षरांवर एक बारीक वेगळी खूण असते, ती पानात कुठेच नसेल तर मी आधी फारसीचाच विचार करते आणि कागद जाणकाराकडे पाठवते.

त्या पत्राचं मराठी मी अक्षरशः लिहून दिलं, एकही शब्द न बदलता, कारण बदलायचं काही नव्हतंच, फक्त देवनागरीत उतरवायचं होतं. शेवटची ओळ अशी होती: "पैशाची घाई नाही, मागाचे आधी बघणे." आत्याने ती मला फोनवर दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, पाकीटही पेटीत आहे, त्याचाही फोटो पाठवू का?

मी म्हटलं, पाठवा, दोन्ही बाजूंचा.