गाडी भरली, तरी निघत का नाही?

लातूरच्या एमआयडीसीतली एक डाळमिल डोळ्यासमोर आणा. मालकाची तक्रार एकच, माल वेळेवर जात नाही. कोणी म्हणतं हमाल कमी आहेत, कोणी म्हणतं ट्रान्सपोर्टवाला गाडीच पाठवत नाही, आणि जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

अशा वेळी लगेच "का?" विचारत सुटायचं नाही, कारण प्रश्नच गोलमाल आहे. आधी त्याच्या फांद्या पाडायच्या. उशीर तीनच ठिकाणी होऊ शकतो: माल तयार नव्हता, तयार होता पण भरला नव्हता, किंवा भरला होता पण गाडी गेटबाहेर पडली नाही. एक तास दोन फांद्यांत मोजला जायला नको आणि कुठलाही तास बाहेर राहायला नको, एवढं सांभाळलं की झाड बरोबर. मग उशिरा गेलेल्या 20 गाड्यांच्या वेळा गेटच्या रजिस्टरमधून आणि काट्याच्या पावत्यांवरून काढल्या, समजा त्यातल्या 14 गाड्या भरून उभ्या होत्या. म्हणजे हमालांवर चाललेली बहुतेक ओरड चुकीच्या फांदीवर होती.

आता त्या एका फांदीवर "का" विचारायचं. टोयोटात तिथले अभियंते ताइइची ओनो यांनी रुजवलेली ही पाच वेळा "का" विचारायची पद्धत, पण पाच हा आकडा काही दगडावरची रेघ नाही.

भरलेली गाडी उभी का? बिल झालं नाही म्हणून. बिल का नाही? काट्याचं वजन ऑर्डरशी जुळेना. ऑफिसच्या कागदावर 50 किलोचे 400 कट्टे, म्हणजे 20 टन, आणि काटा दाखवतो साडेएकोणीस. का? गाडीत 50 चे 300 आणि 30 चे 150 कट्टे निघाले. ते कसे? मुकादम सांगतो, "सायबाचा फोन आला, पार्टीला बारकं कट्टं पायजेत, मग बदललं की." अन् ऑफिसला का नाही कळलं? कारण पॅकिंग सुरू झाल्यावर ऑर्डर बदलली तर ती कोणी कुठं लिहायची, हे कधी ठरलंच नव्हतं.

बरेच जण मुकादमापाशीच थांबतात, "माणसाची चूक" म्हणून फाईल बंद करतात, आणि मला ते फार खटकतं, कारण माणूस बदलला तरी फोन तसाच येणार आहे.

ही साखळी खरी का, तेही तपासायचं. उशिरा निघालेल्या त्या 14 गाड्यांत किती ऑर्डरी मधेच बदलल्या ते बघायचं, आणि वेळेवर गेलेल्यांतही बघायचं. दोन्हीकडं सारख्याच बदलल्या असतील तर कारण दुसरंच आहे, मागच्या "का" वर परत यायचं. फरक दिसला तर बदल आधी ऑफिसात लिहायचा, तिथली चिठ्ठी हातात आल्याशिवाय मुकादमानं कट्टा बदलायचा नाही. उरलेल्या 6 गाड्या मात्र यानं सुटणार नाहीत, त्यांची फांदी वेगळी, त्यांचे "का" वेगळे.