'वॉटरप्रूफिंगसह' म्हणजे नेमकं किती?

नमस्कार श्रोतेहो. बाथरूम नव्यानं करायचं ठरलं की कंत्राटदार येतो, दारातूनच नजर फिरवतो आणि एक आकडा लिहून देतो. खाली ओळ असते, 'वॉटरप्रूफिंगसह'. दुसऱ्याचा आकडा कमी असतो, ओळ मात्र तीच. मग स्वस्त कोण?

मोजून बघू. समजा, बाथरूम ८ फूट बाय ५ फूट आहे. जमीन झाली ४० चौरस फूट. एकानं तेवढ्यालाच वॉटरप्रूफिंगचा थर धरला. दुसऱ्यानं तो चारही भिंतींवर एक फूट चढवला. भिंतींची लांबी २६ फूट, म्हणजे दाराची जागा न वगळता आणखी २६ चौरस फूट. शिवाय शॉवरच्या कोपऱ्यातल्या दोन भिंतींवर मिळून ८ फुटांचा पट्टा त्यानं सात फुटांपर्यंत नेला. त्याचे वरच्या सहा फुटांचे ४८. एकूण ११४! शब्द एकच, काम जवळपास तिप्पट.

म्हणून दोघांनाही एकच ईमेल पाठवा, एका अक्षराचाही फरक नको. मजकूर साधारण असा:

'नमस्कार. आपण पाहिलेल्या बाथरूमचं कोटेशन कृपया तपशीलवार द्यावं. वॉटरप्रूफिंग: कोणतं मटेरियल, किती कोट, जमिनीवर किती चौरस फूट, भिंतीवर किती उंचीपर्यंत, आणि दर. मजुरी: तोडफोड, राडारोडा उचलणं, प्लंबिंग आणि टाइल बसवणं, प्रत्येकाचा दर वेगळा. फिटिंग: प्रत्येक वस्तूचं नाव, कंपनी, मॉडेल, नग आणि किंमत, बसवण्याची मजुरी त्यात धरू नये. कर आणि कोटेशनची मुदतही लिहावी.'

फिटिंगच्या बाबतीत एक गंमत होते. पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या डायव्हर्टरचा एक भाग भिंतीच्या आत जातो, दुसरा बाहेर दिसतो. कोटेशनमध्ये कधी फक्त बाहेरचाच असतो. आतला 'एक्स्ट्रा' म्हणून नंतर उगवतो, तोही भिंत फोडून झाल्यावर. ईमेलमध्ये दोन्ही भाग नावानिशी लिहा.

आणि एक ओळ मी स्वतः कधीच सोडत नाही: 'टाइल लावण्याआधी पाणी साठवून चाचणी करावी.' थर पूर्ण सुकल्यावर पाणी वाहून नेणाऱ्या जमिनीतल्या ट्रॅपचं तोंड बूच लावून बंद करायचं, दाराशी तात्पुरता बांध घालायचा, जमिनीवर दोनेक इंच पाणी भरायचं आणि पातळीला पेन्सिलीची खूण करायची. चोवीस तासांनी खालचं छत आणि लगतच्या भिंती बघायच्या. ओल दिसली तर थरात दोष आहे. पाणी बरंच उतरलं पण ओल कुठेच नाही, तर आधी बूच तपासा, बहुधा तेच गळतं. नळाच्या पाइपांची गळती मात्र या चाचणीत कळत नाही. त्यासाठी पाइप बुजवण्याआधी दाबाची चाचणी वेगळी लिहून मागा.

या चाचणीसाठी काम एक दिवस थांबतं, म्हणून कंत्राटदार कुरकुर करतो. तो दिवस कोटेशनमध्येच धरलेला असला, की मग कुरकुरीला जागा उरत नाही.