अपग्रेडनंतर लिनक्स कुठं गेलं?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यातला हा डिझाइन विभाग. इथल्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू लिनक्स दोन्ही आहेत, जकार्डचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि बाकीचं सगळं काम उबुंटूवर. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला म्हणून यावर विंडोज 11 टाकलं, तासभर चाललं, तीन-चारदा रिस्टार्ट झालं, आणि त्यानंतर मशीन चालू केलं की थेट विंडोजच उघडायला लागलं. कुठलं सिस्टिम हवं ते विचारणारा ग्रबचा मेनू येईचना. लिनक्स उडालं, आता सगळं फॉरमॅट करा, असा सल्ला लगेच मिळतो. थांबा, फॉरमॅट अजिबात करू नका.

नव्या, म्हणजे यूईएफआयवाल्या मशीनमध्ये डिस्कवर एक छोटं पार्टिशन असतं, त्यात विंडोजचा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, एका फोल्डरमध्ये आणि उबुंटूचा, म्हणजे ग्रब, दुसऱ्या. कुणाला आधी बोलवायचं ती यादी मात्र मदरबोर्डच्या मेमरीत असते. मोठं अपग्रेड बहुतेक वेळा एवढंच करतं की या यादीत विंडोजला वर चढवतं. उबुंटूचं फोल्डर जिथल्या तिथं राहतं, फक्त त्याला कुणी बोलवत नाही.

हे ओळखायचं कसं? मशीन चालू होताना बूट मेनूची की दाबायची, बऱ्याच लॅपटॉपवर ती F12 असते, एचपीवर F9. इथं यादीत `ubuntu` दिसलं, निवडलं, आणि उबुंटू नीट उघडलं, फायली सगळ्या जागेवर. मग टर्मिनलमध्ये `sudo efibootmgr` दिलं:

```
BootCurrent: 0003
BootOrder: 0000,0003
Boot0000* Windows Boot Manager
Boot0003* ubuntu
```

आत्ता 0003 वरून चालू आहे पण नंबर पहिला 0000 चा, घोळ तो इथंच आहे. क्रम उलटा केला की झालं, फक्त आकडे तुमच्या मशीनवर जे दिसतील तेच टाकायचे आणि यादीतले बाकीचे नंबरही मागे लिहायचे:

```
sudo efibootmgr -o 0003,0000
```

रिस्टार्ट केल्यावर ग्रब परत आला. विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर चालू असेल तर हे करायच्या आधी त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, बूटचा रस्ता बदलला की विंडोज ती मागू शकतं.

बूट मेनूत `ubuntu` नावच नसेल तर नोंद पुसली गेलीय, मग उबुंटू थेट चालवणाऱ्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून ती नव्याने करावी लागते. आणि जुन्या बायोसवाल्या मशीनची गोष्ट वेगळी बरं का, तिथं डिस्कच्या पहिल्या 512 बाइटमध्ये एकाच बूटलोडरला जागा, विंडोज नव्याने टाकलं की ग्रबच्या त्या भागावर खरंच दुसरं लिहिलं जातं, तिथं पेनड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवायचा. लिनक्सचं पार्टिशन तेव्हाही शाबूत असतं.