पडदा उघडण्याआधी

नमस्कार. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, तिसऱ्या रांगेत जागा आहे. उद्घाटनाचा चित्रपट सुरू व्हायला बारा मिनिटं आहेत आणि प्रोजेक्शनवाल्यांनी मला बजावलंय, की सहाच्या पुढे एक मिनिटही बोलायचं नाही.

आभार नेहमी शेवटी मानतात आणि तोवर लोक चपला शोधत असतात, म्हणून मी सुरुवातीलाच मानते. या खोलीच्या वर, काचेमागे जी चार मुलं बसली आहेत, त्यांना तुम्ही पाच दिवसांत एकदाही पाहणार नाही. चित्रपट आता डीसीपी नावाच्या डिजिटल संचात येतो. दोन तासांच्या चित्रपटाचा संच दीड-दोनशे जीबीचा असू शकतो आणि तो थिएटरच्या सर्व्हरवर उतरवायलाच बराच वेळ लागतो. त्यातून बहुतेक संच कुलूपबंद असतात. त्यांची किल्ली वेगळ्या फाइलमध्ये येते, ती ठरलेल्या सर्व्हरवरच चालते आणि ठरलेल्या वेळेतच. मागच्या वर्षी चारच्या खेळाची किल्ली आदल्या दिवशी आली, सगळे खूश. रात्री अकराला या मुलांपैकी एकीने किल्लीची वेळ उघडून पाहिली, तर ती सहापासून लागू होती. पाठवणाऱ्याने स्वतःच्या देशाचं घड्याळ धरलं होतं. तिने त्याच रात्री मेल केला, सकाळी नवी किल्ली आली आणि प्रेक्षकांना काही कळलंही नाही. आता प्रत्येक किल्लीची सुरुवात, शेवट आणि सर्व्हरचा क्रमांक दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा, असा नियम आहे. कंटाळवाणं काम आहे, पण महोत्सव त्यावरच उभा राहतो.

दारावरच्या स्वयंसेवकांशी यंदा तुमची थोडी खटपट होईल, तेव्हा आधीच सांगते. खेळाआधी दहा मिनिटं रिकाम्या राखीव खुर्च्या बाहेरच्या रांगेला दिल्या जातील. ओळखीचा पास दाखवून वाद घालू नका. मीही उशिरा आले तर बाहेर थांबणार, तसं त्यांना सांगून ठेवलंय.

आता प्रायोजक. त्यांपैकी काहींनी पैसे दिले, पण एकाने राखीव जनरेटर आणि दुसऱ्याने दुसरा प्रोजेक्टर दिला. खरं सांगायचं तर वीज गेल्यावर चेक उपयोगी पडत नाही. एका प्रायोजकाला प्रत्येक चित्रपटाआधी जाहिरात हवी होती. बोलणी दोन आठवडे चालली. अखेर दिवसाच्या पहिल्या खेळाआधी एकदाच, तीस सेकंद, यावर जमलं. त्यांनी ते मोठ्या मनाने मानलं, म्हणून त्यांचे विशेष आभार. निवड समितीच्या खोलीत कोणत्याही प्रायोजकाला खुर्ची नाही, हे करारात लिहिलेलं आहे.

उद्या सकाळी नऊला लघुपट. परवा संध्याकाळी मूकपट, पडद्याच्या डावीकडे दोन वादक प्रत्यक्ष संगीत वाजवतील. मूकपट कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवून चित्रित होत, त्यामुळे त्यांचा वेग एकसारखा नसे. आजच्या सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने लावला तर माणसं धावल्यासारखी दिसतात. आम्ही 18 चौकटींवर ठरवलं आहे. त्याने साठ मिनिटांचा चित्रपट ऐंशी मिनिटांचा होतो, म्हणून वादकांनी सगळी तालीम त्याच लांबीवर केली आहे. घाई असलेल्यांनी मधून उठू नये, दाराचा प्रकाश थेट वादकांच्या तोंडावर येतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी खेळ आहे. संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत निवेदक पडद्यावरचं कानात सांगेल. इतरांनाही त्या खेळाला यायची मुभा आहे, फक्त इअरफोन आधी त्यांना. चौथा दिवस दिग्दर्शकांशी गप्पांचा, तिथे मी फार बोलणार नाही.

पाचव्या दिवशी प्रेक्षकपसंती. बाहेर पडताना एक ते पाच आकड्यांच्या कार्डावर तुमचा आकडा फाडायचा. गेल्या वर्षी काहींनी विचारलं, एकूण गुण का मोजत नाही? समजा, मोठ्या सभागृहात 300 जणांनी सरासरी 3.9 दिले, एकूण 1170. लहान सभागृहात 70 जणांनी सरासरी 4.4 दिले, एकूण 308. बेरीज केली तर पहिला चित्रपट जिंकतो, पण तो जिंकतो खुर्च्यांच्या जोरावर. म्हणून आपण सरासरी धरतो, आणि तीसपेक्षा कमी कार्डं आलेला चित्रपट स्पर्धेत धरत नाही, नाहीतर दिग्दर्शकाचे बारा नातेवाईक पुरे होतील. कार्ड पेटीत टाका, खिशात नको. खिशातलं कार्ड मोजता येत नाही.

काचेमागून हात हलतोय. किल्ली चालली आहे, असा त्याचा अर्थ. मोबाइल बंद करा, मी खाली उतरते.