आधी बोट, मग तोंड

(एका गृहनिर्माण सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय फळ्यावर लिहिलाय, “आवाजाने दिवे-पंखे चालवताना हुकूम भलत्याच खोलीत का जातो?” चाळीस मिनिटं दिलीत, त्यातली आठ माइक लावण्यात गेली. आवाजाच्या विषयावरचं भाषण आणि माइकच बंद, म्हणजे प्रात्यक्षिक आधीच झालं म्हणायचं.

बेडरूमच्या दारात उभं राहून तुम्ही म्हणता, “अलेक्सा, टर्न ऑफ द लाइट्स.” बेडरूमचा दिवा ढिम्म. तिकडे हॉलमध्ये पाहुण्यांच्या ताटात आमटी वाढणं चाललेलं, आणि अंधार! मग सगळे म्हणतात, “तिला ऐकूच येत नाही.” मला हेच खोडून काढायचंय. बहुतेक वेळा तिला व्यवस्थित ऐकू आलेलं असतं. पण तुम्ही कुठे उभे आहात हे तिला ठाऊक नसतं. तुमचा आवाज ज्या डब्याने पकडला, तो डबा कोणत्या खोलीचा म्हणून नोंदवलाय, एवढंच तिला ठाऊक असतं.

घरात असे दोन डबे, म्हणजे अलेक्साचे एको स्पीकर, असले तर “अलेक्सा” ही हाक दोघांनाही ऐकू येते. दोघांची निळी कडी पेटते. मग दोन्हीकडचा आवाज ताडून ज्याला स्वच्छ ऐकू आलं तो पुढे बोलतो, दुसरा विझतो. ही निवड 2016 पासून आहे. पण ती होते दोन्ही डबे एकाच खात्यावर असतील आणि दोघांना हाक मारायचा शब्द एकच असेल तर. मुलाने स्वतःच्या खोलीतला एको स्वतःच्या खात्यावर घातला असेल, तर कुणी माघार घेत नाही, दोघंही उत्तर देतात. मराठी घरात हे काही नवीन नाही.

आता “स्वच्छ” म्हणजे “जवळ” असं नव्हे. बेडरूमचा एको कपाटावर, पंख्याच्या वाऱ्यात, भिंतीला चिकटवून ठेवलेला असतो. तुम्ही दारात, तोंड हॉलकडे. मग हॉलमधल्या डब्याला तुम्ही जास्त स्पष्ट ऐकू येता. तुम्ही नुसतं “लाइट्स” म्हणालात, खोलीचं नाव घेतलं नाही, तेव्हा जिंकलेला डबा अॅपमध्ये ज्या खोलीच्या गटात आहे त्या गटाचे दिवे जातात. चूक कुणाची? कपाटाची.

हे तपासायला हत्यार लागत नाही. पंखा नेहमीच्या वेगावर लावा. पलंगावर, टेबलापाशी, दारात, जिथे जिथे तुम्ही खरोखर बोलता तिथे उभे राहा आणि फक्त “अलेक्सा” म्हणा. कोणती कडी पेटलेली राहते ते बघा. चुकीची राहिली तर डबा हलवा. पंख्याखालून बाहेर, भिंतीपासून वीतभर पुढे, कोपरा सोडून. घरातल्या खूप तक्रारी इथेच मिटतात.

पण आज मला बोलायचंय ते नावांबद्दल. हे माझं जुनं दुखणं आहे, थोडा वेळ जाईल.

आपल्याकडे स्मार्ट घर म्हणजे बहुधा स्विचबोर्डाच्या मागे बसवलेला चार नोडचा, म्हणजे चार दिवे-पंखे वेगवेगळे चालवणारा, मॉड्यूल. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. त्याला फेज आणि न्यूट्रल येतो, चार तारा दिव्या-पंख्यांकडे जातात, आणि चार तारा भिंतीवरच्या जुन्या बटणांकडून येतात. (जुन्या इमारतींत कधीकधी बोर्डात न्यूट्रलच नसतो, मग इलेक्ट्रिशियन डोकं खाजवतो. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) बसवणारा सगळं जोडतो, अॅपमध्ये चार चौकोन येतात, आणि त्यांची नावं काय? `Switch 1`, `Switch 2`, `Switch 3`, `Switch 4`. पैसे घेतो आणि जातो. चार मुलांचं बारसं करून एक, दोन, तीन, चार अशी नावं ठेवण्यातला प्रकार.

बरं, हा बोर्ड हॉलमध्ये असला तरी त्याची चारही बटणं हॉलची नसतात. एक ट्यूबलाइट, दुसरा पंखा, ही हॉलची. तिसरं पॅसेजचं, चौथं बाल्कनीचं. बिल्डरने तार वाचवली म्हणून बाल्कनीचा दिवा हॉलच्या बोर्डावर आला. आपल्या बोटांना हे पाठ झालेलं असतं, अॅपला नसतं. बसवणारा चारही नोड “हॉल” गटात टाकून मोकळा होतो. आता हॉलमध्ये “टर्न ऑफ द लाइट्स” म्हटलं की बाल्कनीत कपडे काढणारी बाई अंधारात. ती म्हणते आज्ञा भलत्या खोलीत गेली. आज्ञा बरोबर गेली हो, बाल्कनीच हॉलमध्ये नोंदवलेली होती.

उपाय सोपा आहे. अलेक्साच्या अॅपमध्ये प्रत्येक नोड हे वेगळं उपकरण म्हणून दिसतं, म्हणून प्रत्येकाला वेगळ्या गटात टाकता येतं. चौथ्याला `Balcony Light` नाव द्या आणि “हॉल”मधून काढा. आणखी एक गोष्ट राहते. दिव्याचा नोड “स्विच” म्हणून नोंदला गेला असेल, तर “लाइट्स” म्हटल्यावर तो दिवा धरला जात नाही. उपकरणाच्या सेटिंगमध्ये प्रकार बदलून `Light` करा. आणि एको स्वतः त्या गटात टाकायला विसरू नका. हे अर्धे लोक विसरतात. गट आहे, दिवे आहेत, पण हुकूम ऐकणारा डबाच गटाबाहेर! मग अलेक्सा विचारत बसते, कोणते दिवे?

पंख्याचं त्याहून भारी. कुणीतरी हौसेने एका पंख्याचं नाव नुसतं `Fan` ठेवतं. नाव हे खोलीपुरतं नसतं, सबंध खात्याला एकच यादी असते. त्यामुळे घरात कुठूनही “टर्न ऑफ द फॅन” म्हटलं की तोच पंखा बंद होण्याचा संभव. मुलगा अभ्यासाच्या खोलीतून म्हणतो आणि आजोबांचा पंखा थांबतो. आजोबा म्हणतात, वीज गेली. नुसतं `Fan`, नुसतं `Light` असं नाव घरात एकालाही नको. `Bedroom` आणि `Bedroom 2` हेही नको, कारण दोन हा आकडा घाईत गिळला जातो.

मराठी नावांचं काय? अलेक्सा इंग्रजी आणि हिंदीत ऐकते. “देवघर” म्हटलं तर ती कधी एक शब्द ऐकेल, कधी दोन, कधी भलतंच. भांडत बसू नका. अॅपमध्ये More, मग Activity, त्यात Voice History उघडा. तुम्ही काय म्हणालात असं तिला वाटलं ते तिथे अक्षरशः लिहिलेलं असतं, आणि कोणत्या एकोने ऐकलं तेही. दहा वेळा “देवघर लाइट” म्हणा, दहातली जास्त वेळा जी स्पेलिंग दिसते तेच नाव उपकरणाला द्या. `Dev Ghar Light` तर `Dev Ghar Light`. शुद्धलेखन इथे तिचं चालतं.

अजून एक जोडी, बेडरूम आणि बाथरूम. लांबून, मिक्सर चालू असताना, दोन्हींचा आकार सारखाच, सुरुवातीला “ब” आणि शेवटी “रूम”. गीझर बाथरूमचा असेल तर ही गंमत परवडत नाही. बाथरूमचं नाव बदला, `Geyser` असं उपकरणाच्याच नावाने हाक मारा, “रूम” शब्दच काढून टाका.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे मुख्य मुद्दा, चूक नेमकी कुठे हे शोधायची पद्धत, तो आता धावतपळत सांगावा लागणार. मांडणी चुकली, माफी असावी.

आधी बोट, मग तोंड. बोलू नका, अॅपमधल्या त्या चौकोनावर बोट ठेवा. `Balcony Light` दाबल्यावर पॅसेजचा दिवा लागला, तर आवाजाचा काही संबंध नाही, नाव चुकीच्या नोडला दिलंय. मग भिंतीवरचं बटण दाबा. बाल्कनीच्या बटणाने अॅपमध्ये पॅसेजचा चौकोन बदलला, तर बोर्डात बटणाच्या तारा आणि दिव्याच्या तारा यांची जोडी जुळलेली नाही. मेन स्विच बंद करून ते काम इलेक्ट्रिशियनने करायचं, तुम्ही नाही.

बोटाने सगळं बरोबर, पण आवाजाने चुकतंय, तर Voice History. तिथे खोलीचं नाव चुकीचं लिहिलेलं दिसलं तर उच्चार किंवा नाव बदला. शब्द बरोबर, पण ऐकणारा डबा दुसऱ्या खोलीचा, तर डबा हलवा. शब्द बरोबर, डबाही बरोबर, तर गट उघडा, त्यात चूक सापडेल.

अलेक्साऐवजी होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर वापरणारे दोघेतिघे इथे आहेत, हात दिसतायत. तुमच्याकडे चार नोडचा मॉड्यूल हे एकच उपकरण असतं, आणि त्याला दिलेला विभाग चारही नोडना वारशाने मिळतो. उपकरण “हॉल” ठेवा, पण चौथ्या नोडच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये विभाग “बाल्कनी” असा वेगळा द्या. आणि दोन सॅटेलाइटनी, म्हणजे खोल्यांतल्या ऐकणाऱ्या डब्यांनी, एकच हाक ऐकली तर तिथे स्वच्छ आवाजाची तुलना होत नाही. ज्याची हाक सर्व्हरवर आधी पोचली तो जिंकतो, पुढचे सुमारे दोन सेकंद तीच हाक दुसऱ्याकडून आली तर ती टाकून दिली जाते. म्हणजे वायफाय चांगलं असलेली खोली जिंकू शकते. वाक्य कसं लावलं गेलं ते Developer tools मधल्या Assist पानावर टाइप करून बघता येतं.

शेवटचं, रिमोटवाल्या बीएलडीसी पंख्यांचं. रिमोटचे संकेत सोडणारा इन्फ्रारेड ब्लास्टर हॉलमध्ये ठेवलाय, हॉल आणि जेवणाची जागा यांत भिंत नाही, आणि दोन्हीकडे एकाच मॉडेलचे पंखे. इन्फ्रारेड संकेतात “कोणता पंखा” असं काही नसतं, ज्याच्या डोळ्यावर प्रकाश पडेल तो ऐकतो, दोघांच्या पडला तर दोघंही. त्यातून बऱ्याच रिमोटवर चालू-बंदला एकच बटण. एक पंखा चालू, एक बंद असताना हुकूम गेला की त्यांची अदलाबदल होते, आणि अॅप दुसऱ्या पंख्याबद्दल खोटं बोलतं. नाव कितीही बदला, फरक पडणार नाही. ब्लास्टर अशा जागी ठेवा की दुसरा पंखा त्याच्या नजरेआड राहील, कपाटाची एक कडा मध्ये आली तरी पुष्कळदा पुरते. नाहीतर एका पंख्याला स्वतःचा नोड द्या आणि त्याचा वेग रिमोटनेच बदला.

वेळ संपली. ज्यांच्या बोर्डावर अजून `Switch 1` आहे त्यांनी चहाच्या वेळी फोन घेऊन पुढे या, नावं इथेच बदलून देतो.